सहीच्या रेघेपासून वर

सत्कारात दिलेल्या वस्तूंपैकी टिकतो तो कागद. नारळ आठवडाभरात स्वयंपाकात जातो, गुलाब संध्याकाळपर्यंत मान टाकतो, शाल घडी घालून कपाटात ठेवली जाते. सन्मानपत्र मात्र चौकटीत बसून वर्षानुवर्षे भिंतीवर राहते आणि घरी आलेला पाहुणा ते वाचतो. म्हणूनच त्यावर नाव चुकले असेल, किनार तिरकी गेली असेल किंवा सही मजकुरावर चढली असेल, तर ते रोज दिसते.

हे पुस्तक त्या कागदाच्या मांडणीचे आहे. सगळ्या प्रकारच्या प्रमाणपत्रांचा विचार त्यात केलेला नाही. विषय एकच घेतला आहे : आडवा ए-फोर कागद, भोवती किनार, मध्ये चाळीसेक शब्दांचा मजकूर, तळाशी सह्यांच्या रेघा, आणि हे सगळे घरच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरवर छापता येईल असे. विषय लहान वाटला तरी त्यात कागद, लिपी, छपाई आणि रीतभात या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक चुकली की उरलेल्या तिन्हींवर पाणी पडते.

पुस्तकाच्या मुळाशी एक आग्रह आहे आणि तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. सन्मानपत्र वरून खाली वाचले जाते, पण मांडताना ते खालून वर मांडावे. आधी सह्यांची जागा राखावी, मग नावाची, मग मजकुराची. किनार सर्वांत शेवटी घालावी. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते. आवडलेली सोनेरी किनार आधी निवडली जाते, तिच्या आत मजकूर बसवला जातो आणि सह्यांना उरलेली जागा मिळते. या एका उलट्या क्रमातून पुढच्या निम्म्याअधिक चुका जन्माला येतात.

हा क्रम कसा पडला हे समजायला थोडे मागे जावे लागते. शिवकाळातल्या राजपत्रांत वर राजमुद्रा आणि मजकूर संपल्यावर तळाशी मर्यादामुद्रा उमटवण्याची पद्धत होती. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हे सांगणे मर्यादामुद्रेचे काम. आजच्या सन्मानपत्रातली सही आणि शिक्का तेच काम करतात. कागदाला खरेपणा तळाच्या भागातून मिळतो. वरची सजावट काढून टाकली तरी तो कमी होत नाही.

इंग्रजी अमदानीत सभा-संस्थांबरोबर मानपत्राची चाल रुजली. मानपत्र म्हणजे लांबलचक गद्य. ते समारंभात उभे राहून वाचायचे आणि मग सत्कारमूर्तीच्या हाती द्यायचे. १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या साठीनिमित्त पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली आणि मानपत्र अर्पण झाले, तो प्रसंग या चालीचा कळस म्हणावा लागेल. अशा मानपत्रात मजकूर राजा असे. तो लांब असल्याने कागद साहजिकच उभा धरला जाई. ओळींची संख्या ठरली की मग चित्रकार भोवती वेलबुट्टी काढी. किनार मजकुराच्या मापाने बेतली जात असल्याने क्रम सुलटा राहत असे.

खिळ्यांच्या छपाईने तो उलटवला. छापखान्यात किनार म्हणजे शिशाच्या छोट्या छोट्या नक्षीदार तुकड्यांची रांग. प्रत्येक तुकड्याचे माप ठरलेले, आणि कोपऱ्यांचे तुकडे वेगळे. रांगेची लांबी तुकड्याच्या मापाने पूर्ण भागली गेली नाही, तर कोपऱ्यापाशी फट पडे. त्यामुळे कंपोझिटर आधी चौकट जुळवून घट्ट बांधी आणि मग आतली जागा भरी. शाळा, तालमी, वाचनालये यांच्यासाठी एकदा बांधलेली चौकट तशीच ठेवून द्यायची आणि दरवर्षी संस्थेचे नाव तेवढे बदलायचे, हा छापखान्याचा शहाणपणाचा हिशेब होता. नावासाठी टिंबांची ओळ सोडलेली असे आणि ज्याचे अक्षर चांगले, असा एखादा शिक्षक ती बोरूने किंवा टाकाने भरी. मजकूर तोवर दोन-तीन वाक्यांवर आला होता. सह्या मात्र एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या होत्या. मजकूर आटला आणि सह्या शेजारी शेजारी मांडायची वेळ आली, तसा कागद आडवा झाला. आडव्या कागदावर मराठी माणसाचे तीन पदरी नाव एका ओळीत मावते, हा त्याचा आणखी एक फायदा.

पुढे डीटीपी आले. पेजमेकर, कोरलड्रॉ, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकची आयएसएम ही नावे त्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहेत. शिशाचे बंधन सुटले, रेघ हवी तेवढी ताणता येऊ लागली; तरीही किनार आधी ही सवय सुटली नाही, कारण आता तयार किनारींच्या सीड्या मिळू लागल्या होत्या. आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच तयार साचे आले. त्यात किनार, पदक, रिबन, सगळे आधीच ठेवलेले असते. आपण फक्त शब्द बदलायचे. हे साचे वाईट नाहीत. पण त्यांतले बहुतेक इंग्रजी मजकुरासाठी आणि अमेरिकी कागदासाठी बेतलेले असतात. त्या दोन गोष्टी मराठी सन्मानपत्राला कशा नडतात, ते पुढे येईलच.

उलव्याचा संदर्भ या पुस्तकात वारंवार येतो, त्याला कारण आहे. पनवेल तालुक्यातला हा सिडकोचा नोड डोळ्यांसमोर उभा राहिला. २०१८च्या नोव्हेंबरात लोकल खारकोपरपर्यंत आली, २०२४च्या जानेवारीत ती उरणला पोचली आणि त्याच महिन्यात अटल सेतू सुरू झाला. २०२५च्या ऑक्टोबरात शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. माणसे आली, सोसायट्या नोंदल्या गेल्या, मंडळे स्थापन झाली. जुन्या गावातल्या मंडळाचा छापखाना ठरलेला असतो. तिथे मंडळाचा ब्लॉक असतो, मागच्या वर्षीचा नमुना असतो आणि पदनामांचा क्रम माहीत असलेला एखादा जुना माणूस असतो. इथल्या नव्या सोसायटीकडे यातले काहीच नसते. बोधचिन्ह म्हणून प्रवेशद्वारावरच्या अक्षरांचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत असतो आणि सन्मानपत्र कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सचिवांच्या लॅपटॉपवर तयार होते. ज्याला हे काम पहिल्यांदाच करायचे आहे, असा वाचक इथे घराघरांत आहे.

अशाच एका सोसायटीचे काम माझ्याकडे आले होते. स्वातंत्र्यदिनी सफाईचे काम करणाऱ्या महिलांना आणि रखवालदारांना सन्मानपत्रे द्यायची होती. मजकूर नव्वदेक शब्दांचा होता. त्यात सोसायटीचा पूर्ण पत्ता, कार्यकारिणीचा ठराव, ‘अत्यंत तन्मयतेने, निष्ठेने व प्रामाणिकपणे’ अशी विशेषणांची माळ आणि शेवटी उज्ज्वल भवितव्याच्या शुभेच्छा होत्या. सह्या चार हव्या होत्या : अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सांस्कृतिक समितीप्रमुख. किनार इंटरनेटवरून उतरवलेली, कोपऱ्यांत गोल पदकांची. पहिली प्रत छापून आली तेव्हा पदके लांबट झाली होती, सह्यांच्या रेघा किनारीला टेकल्या होत्या आणि जिचा सत्कार, त्या बाईंचे नाव मजकुराच्या तिसऱ्या ओळीत त्याच आकाराच्या अक्षरात हरवले होते.

पदके लांबट का झाली? उतरवलेली किनार अमेरिकेतल्या लेटर कागदाच्या मापाची होती. तो कागद आडवा धरला तर सुमारे २७९ मिलिमीटर रुंद आणि २१६ मिलिमीटर उंच असतो. आपला ए-फोर २९७ बाय २१०. म्हणजे तीच किनार ए-फोरवर ताणली की ती रुंदीत वाढते आणि उंचीत दबते. सरळ रेघेत हे कळत नाही, गोलात लगेच कळते. म्हणून कोणतीही तयार किनार घेतली की कोपऱ्यातला गोल आडवा आणि उभा मोजून पाहावा. दोन्ही मापे सारखी नसतील, तर ती किनार या कागदासाठी नाही.

मग आम्ही ते सन्मानपत्र तळापासून पुन्हा मांडले. पहिला प्रश्न सह्यांचा. माणसाला ऐसपैस सही करायला साधारण ५५ ते ६० मिलिमीटरची रेघ लागते आणि रेघेच्या वर १८ मिलिमीटर तरी मोकळे लागतात, कारण मराठी सही वर वेलांटी-मात्रा घेऊन उंच जाते. किनार आणि तिच्या आतली हवा सोडली, तर आडव्या ए-फोरवर कामाची रुंदी सुमारे २५० मिलिमीटर उरते. ५५च्या चार रेघांत २२० गेले. तीन फटींना मिळून तीसच राहिले, म्हणजे प्रत्येकी एक सेंटिमीटर. सोसायटीचा गोल शिक्का चार सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो ठेवणार कुठे? तीन सह्यांत प्रत्येक फट चार सेंटिमीटरांची होते, शिक्का जेमतेम बसतो. दोन सह्यांत मधली जागा प्रशस्त राहते. हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावर कार्यकारिणीने दोन सह्यांवर समाधान मानले. डावीकडे सचिव, उजवीकडे अध्यक्ष, हा आपल्याकडचा रूढ क्रम. पदाने मोठा उजवीकडे. रेघेखाली आधी नाव, त्याखाली जरा लहान अक्षरात पद. नाव छापलेले हवेच, कारण पाच वर्षांनी ती सही कोणाची हे नुसत्या वळणावरून ओळखता येत नाही.

दुसरा प्रश्न उंचीचा. कागद २१० मिलिमीटर उंच. किनारीची बाहेरची रेघ कडेपासून ११ मिलिमीटर आत आणि दोन रेघांची जाडी धरून किनार १४ मिलिमीटरवर संपते. तिच्या आत आणखी दहा मिलिमीटर हवा सोडली की १६२ मिलिमीटर हाती राहतात. सह्यांच्या पट्ट्याला त्यातले तीस दिले. त्यावर स्थळ आणि दिनांकाच्या ओळीला दहा. सर्वांत वर बोधचिन्ह आणि सोसायटीच्या नावाला मिळून अठ्ठावीस, ‘सन्मानपत्र’ या शीर्षकाला वीस, सत्कारमूर्तीच्या नावाला अठरा. मजकूर १६ पॉइंटात आणि ओळींतले अंतर २६ पॉइंट ठेवले, तर चार ओळींना ३७ मिलिमीटर लागतात. बेरीज १४३. उरलेले १९ मिलिमीटर या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाटले गेले. पाचवी ओळ घेतली असती, तर जवळपास निम्मी मोकळी जागा तिनेच खाल्ली असती. मजकूर चार ओळींचा का, याचे उत्तर इतके रोकडे आहे.

चार ओळींत बसवायचे म्हणजे नव्वद शब्दांचे वीस-पंचवीस, फार तर चाळीस करायचे. पत्ता बोधचिन्हाखाली नोंदणी क्रमांकाशेजारी बारीक अक्षरात गेला. ठराव इतिवृत्तात होताच, तो तिथेच राहिला. विशेषणांची माळ काढली आणि प्रत्यक्ष काम लिहिले. शेवटी मजकूर असा झाला :

आपल्या सोसायटीच्या जिन्यांची आणि आवाराची स्वच्छता
गेली सहा वर्षे आपण नेमाने राखलीत.
त्याबद्दल सर्व रहिवाशांच्या वतीने कृतज्ञतापूर्वक
हे सन्मानपत्र आपणांस देत आहोत.

प्रत्येक ओळ अर्थाच्या सांध्यावर तुटली आहे, हे पाहण्यासारखे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. संगणकाला ओळी तोडू दिल्या, तर ‘आहोत’ एकटेच पाचव्या ओळीत जाऊन बसते आणि मधोमध एक शब्द लोंबकळत राहतो. ओळी हाताने तोडाव्यात, मध्यावर मांडाव्यात, दोन्ही कडा सरळ करण्याच्या फंदात पडू नये. कडा सरळ करताना शब्दांमध्ये जी भगदाडे पडतात, ती चार ओळींच्या मजकुरात लपत नाहीत.

नावाची गोष्ट वेगळी आहे आणि ती इंग्रजी साच्यात कधीच नीट बसत नाही. मराठीत नावाला ‘ना’ किंवा ‘स’ हा प्रत्यय लागतो. यादीतून नावे आपोआप भरायची असतील, तर नाव स्वतंत्र ओळीत ठेवावे आणि त्याखाली लहान अक्षरात ‘यांना’ किंवा ‘यांस’ असे वेगळे छापावे. मग नाव कोणतेही असो, वाक्य मोडत नाही. स्त्रीचे नाव असेल, तर मागे काय लावायचे हे तिलाच विचारावे. सरकारी कागदांत ‘श्रीमती’ सरसकट चालते. पण आपल्याकडे जुन्या रूढीत ते विधवेच्या नावामागे लावत आणि अनेक वयस्क बायकांना सवाष्ण असताना ते खटकते. तर काहींना ‘सौ.’ नको असते. एका वाक्यात विचारून घेण्यासारखी गोष्ट आहे, आणि व्यासपीठावर कोणी नाराज व्हावे यापेक्षा ते बरे. त्याच वेळी नावाचे लेखनही त्यांच्याकडून तपासून घ्यावे. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडकर’ अशा आडनावांतला अर्धा र अनेकांना टंकता येत नाही आणि त्या जागी ‘गोर्हे’ असा रफार येतो. तो अर्धा र युनिकोडात ‘ऱ’ला हलन्त जोडून तयार होतो, साध्या ‘र’ला नुसते हलन्त जोडून होत नाही.

नाव लांब असेल, तर सगळ्यांची पहिली धाव असते ती अक्षरे आडवी दाबण्याकडे. तसे करू नये. दाबलेल्या देवनागरीत उभे दांडे बारीक होतात, आडवी शिरोरेषा मात्र जाडच राहते. नाव चिमटीत धरल्यासारखे दिसते. ३० पॉइंटचे २६ करावे आणि सगळ्यांचीच नावे २६ ठेवावीत, म्हणजे एकाचे मोठे आणि दुसऱ्याचे लहान असा भेद राहत नाही. शीर्षकातली अक्षरे लांब लांब ठेवण्याची इंग्रजी हौसही इथे चालत नाही. तिने शिरोरेषा तुटते आणि ‘सन्मानपत्र’ हा एक शब्द न राहता अक्षरांची रांग होते. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद नसल्याने ठसा उमटवायची साधने दोनच : आकार आणि जाडी. ती जपून वापरावी.

अक्षरवळणाबद्दल एवढेच सांगतो की एका सन्मानपत्रात दोनांहून अधिक वळणे नकोत. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी पोचला आणि त्याचे उपकार मोठे आहेत. पण तो पडद्यावर वाचायला बेतलेला आहे, चौकटीत टांगायला नव्हे. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ मजकुराला स्वच्छ दिसतो. ‘टिरो देवनागरी मराठी’त ल आणि श मराठी वळणाचे आहेत, शीर्षकाला आणि नावाला तो मला फार आवडतो. दोन्ही फुकट मिळतात. जुन्या श्रीलिपी-वळणाच्या फाइली मात्र तशाच दुकानात नेऊ नयेत. तिथे तो फाँट नसेल, तर सगळा मजकूर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उमटतो. आपल्या संगणकावरच पीडीएफ करून, फाँट त्यात बसवून, तीच न्यावी.

किनारीची पाळी आता येते. मजकूर, नाव, सह्या जागेवर बसल्या की किनारीला करायचे काम थोडेच उरते. एक जाड आणि तिच्या आत एक बारीक रेघ, मध्ये दोन मिलिमीटर फट : बाहेरची ३ पॉइंट, आतली पाऊण पॉइंट. याहून जास्त नक्षी हवी असेल तर ती कोपऱ्यांत द्यावी. कडेपासून ११ मिलिमीटर हे माप तीन कारणांनी ठरते. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेला छापू शकत नाहीत. चार-पाच मिलिमीटरची पट्टी कोरीच राहते. शिवाय कागद ओढला जाताना एक-दोन मिलिमीटर सरकतो. किनार कडेपासून चारच मिलिमीटरवर असेल, तर तेवढ्या सरकण्याने एका बाजूला ती दुपटीने जवळ दिसते. अकरावर असेल तर डोळ्याला कळतही नाही. आणि चौकटीची लाकडी पट्टी कागदाची पाचेक मिलिमीटर कड झाकते, ती झाकूनही किनार मोकळी दिसायला हवी. वर्डमध्ये काम करणाऱ्यांना इथे एक अडचण येते. `Borders and Shading` मधल्या `Options` मध्ये किनारीचे अंतर ३१ पॉइंटांपलीकडे जातच नाही. ३१ पॉइंट म्हणजे जवळजवळ ११ मिलिमीटर, म्हणून `Measure from` समोर `Edge of page` निवडून ३१ घालावे. बरोबर आपल्याला हवे तेवढेच मिळते.

सोनेरी रंगाचा मोह सगळ्यांना होतो. पडद्यावर चमकणारे सोने चार रंगांच्या छपाईत मातकट पिवळे होऊन बाहेर येते, कारण चमक हा रंग नाही. ती धातूच्या वर्खाने येते. वर्ख परवडत नसेल, तर गडद निळी, मरून किंवा काळी किनार घ्यावी. आमच्या त्या सोसायटीची किनार शेवटी मरून झाली आणि ती अजून फिकी पडलेली नाही.

छपाईच्या वेळी होणारी सर्वांत साधी चूक एका खुणेने होते. छापण्याच्या चौकटीत `Fit` आधीच निवडलेले असते आणि ते सगळे पान तीन-चार टक्क्यांनी लहान करून टाकते. मग काळजीने आखलेली मापे हुकतात. `Actual size` निवडून आधी साध्या कागदावर एक प्रत काढावी आणि चारही बाजूंनी किनारीचे अंतर पट्टीने मोजावे. मग कागद उभा दुमडून उजेडात धरावा. दोन्ही बाजूंच्या किनारी एकमेकींवर पडल्या आणि शीर्षक घडीवर बरोबर दुभागले, तर मांडणी मध्यावर आहे. बोधचिन्ह याच प्रतीवर तपासावे. २५ मिलिमीटर रुंद चिन्ह स्वच्छ उमटायला मूळ चित्र निदान तीनशे ठिपके रुंद लागते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतून कापून काढलेले चिन्ह अनेकदा याहून लहान निघते आणि कडा दातेरी दिसतात. असे चिन्ह छापण्यापेक्षा सोसायटीचे नाव नुसत्या अक्षरात छापणे केव्हाही चांगले.

कागदाची निवड सहीवरून करावी. चकचकीत आर्ट कार्ड हातात घेतल्यावर भारी वाटते, पण त्याच्या लेपावर शाई मुरत नाही. अध्यक्ष कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधी जेल पेनने सह्या करतात, कोणीतरी सगळी सन्मानपत्रे एकावर एक ठेवतो आणि प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या सहीचा डाग उमटतो. लेप नसलेला जाड बाँड किंवा आयव्हरी घ्यावा; त्यावर बॉलपेन आणि शाई दोन्ही बसतात. फार जाड कार्ड घरगुती प्रिंटरच्या आतल्या वळणात अडकते, म्हणून कागद घेण्याआधी प्रिंटर किती जाडीचा कागद घेतो हे पाहावे आणि जाड कागद मागच्या सरळ वाटेने, एकेक करून घालावा.

आता या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते. त्यात तयार साचे नाहीत. मापे आहेत आणि ती मापे का, याची कारणे आहेत, म्हणजे कोणी वर्डमध्ये करो, कोरलड्रॉमध्ये करो किंवा मोबाइलवर, हिशेब तोच राहील. प्रत्येक नमुना आधी चुकलेला आणि मग दुरुस्त केलेला असा दोनदा दाखवला आहे. मजकुराचे नमुनेही आहेत : शिक्षकासाठी, रक्तदात्यासाठी, स्पर्धेतल्या लहान मुलासाठी, निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी. पण ते उतरवून घेण्यासाठी दिलेले नाहीत. प्रत्येकात एक जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. त्या माणसाने नेमके काय केले, ते तिथे लिहायचे आहे. हस्तलिखित सुलेखनाची सन्मानपत्रे या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहेत. ती विद्या वेगळी आणि मोठी आहे. तिचे शिक्षण नवी मुंबईतच अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकाराच्या शाळेत मिळते. ज्याला नाव हाताने लिहायचे असेल त्याने तिथे जावे. अशांसाठी या पुस्तकात फक्त नावाची कोरी ओळ किती लांब आणि किती उंच सोडावी, एवढे सांगितले आहे : १२० मिलिमीटर लांब, आणि वर-खाली मिळून १४ मिलिमीटर मोकळे, म्हणजे टाकाला वेलांटी आणि उकार दोन्ही पुरतात.

वाचकाने पुस्तक कुठूनही उघडावे, पण पहिल्या सन्मानपत्राला बसताना एक कोरा ए-फोर आडवा धरून पेन्सिलीने तळाशी दोन रेघा आखून घ्याव्यात, प्रत्येकी सहा सेंटिमीटरच्या, आणि त्यांखाली सही करणाऱ्यांची नावे लिहावीत. कोण सही करणार हे ठरलेले नसेल, तर ते आधी ठरवून घ्यावे. संगणक त्यानंतर सुरू करावा.